एक जण आला, एक जण गेला: फोटोवरून सोडवलेलं सरासरीचं गणित चुकतं कुठं?

तक्रार बहुतेक वेळा दोनपैकी एका रूपात येते. पुस्तकाच्या पानाचा फोटो आणि खाली एक ओळ: "सर, हाई उत्तर पर्यायमा नही शे." किंवा त्याहून अवघड तक्रार: "सर, माझं उत्तर पर्यायात आहे, पण मागच्या उत्तरसूचीत दुसरंच दिलंय."

अमळनेर, पारोळा, चोपडा या पट्ट्यात शिष्यवृत्तीची, नवोदयची किंवा पोलीस भरतीची तयारी करणारी पुष्कळ मुलं एकमेकांच्या पुस्तकांचे फोटो काढून अभ्यास करतात. पुस्तक एकाकडे आणि त्याची पानं ग्रुपवर सगळ्यांकडे. शेकडेवारी, नफा-तोटा यांत फोटो थोडा अस्पष्ट असला तरी निभावतं, कारण प्रश्न लांब असतो आणि पुढच्या वाक्यावरून मागचं समजतं. सरासरीत "गटात एक जण आला" किंवा "एक जण गेला" हा प्रकार मात्र दोन ओळींत संपतो. त्यात तीन-चार छोट्या संख्या असतात आणि एखाद-दुसरा शब्द: सह, वगळून, धरून, ऐवजी, ने, पूर्वी. यातलं एकही बिंदूभर हललं तरी उत्तर बदलतं.

तेव्हा उत्तर जुळलं नाही की लगेच सूत्र बदलून बघू नका. आधी ठरवायचं की चूक वाचण्यात आहे की रीतीत. ते कसं ओळखायचं, तेवढंच इथं सांगतो.

रीत एकदा पक्की करून घ्या

रीत डळमळीत असेल तर वाचनातली चूक शोधताच येत नाही, म्हणून हे आधी.

थंडीत शेतात भरीत पार्टी ठरली. आठ मित्रांनी कमी-जास्त पैसे काढले आणि सरासरी १५० रुपये आली. मग नववा आला, त्यानं पैसे टाकले आणि सरासरी १६० झाली. त्यानं किती टाकले?

बेरजा करून बघा. आधी ८ × १५० म्हणजे १२०० रुपये होते. आता ९ × १६० म्हणजे १४४० आहेत. फरक २४०. आता हेच बेरजा न करता पाहू. नवव्यानं सरासरीइतके, म्हणजे १५० रुपये टाकले असते तर सरासरी हललीच नसती. ती १० नं वर गेली, म्हणजे नऊच्या नऊ जणांच्या वाट्याला दहा-दहा रुपये जादा आले. ते जादा ९० रुपये त्यानंच आणले. १५० आणि ९० मिळून २४०.

इथं लक्षात ठेवायची गोष्ट म्हणजे गुणताना घेतलेला ९. जुनी सरासरी १५० धरून सुरुवात केली, तर फरकाला नव्या संख्येनं गुणायचं, कारण ती वाढ नवव्याच्या स्वतःच्या वाट्यालाही आली आहे. नवी सरासरी १६० धरून सुरुवात केली, तर त्याचा स्वतःचा वाटा त्यातच आला. उरलेल्या आठ जुन्या मित्रांचे ८० मिळवायचे, उत्तर तेच २४०. म्हणजे जोडी नेहमी तिरपी लागते: जुनी सरासरी आणि नवी संख्या, नाहीतर नवी सरासरी आणि जुनी संख्या. जुन्याशी जुनी किंवा नव्याशी नवी जोडली की चुकलंच.

ही तिरपी जोडी कुणी गेलं तरी तशीच लागू होते. ते पुढे बघू.

सगळ्यात फसवा फोटो

आता खरा प्रकार. माझ्याकडे आलेला एक फोटो असा होता: जुनं पुस्तक, डाव्या बाजूचं पान, शिवणीकडे वळलेलं. प्रत्येक ओळीचे शेवटचे शब्द घडीत गेलेले. आधीच्या मालकानं पेन्सिलनं "२५" भोवती गोल काढलेला. दिसत होतं ते एवढं:

"एका कबड्डी सराव गटात … २५ जण आहेत. खेळाडूंचे सरासरी वजन ४२ किग्रॅ असून प्रशिक्षकाचे वजन मिळवल्यास सरासरी १ किग्रॅ ने वाढते. तर प्रशिक्षकाचे वजन किती?" पर्याय: ६६, ६७, ६८, ६९.

मुलीनं सोडवलं. खेळाडू २५, प्रशिक्षक आल्यावर २६. जुनी सरासरी ४२ अधिक २६ गुणिले १, म्हणजे ६८. पर्यायात ६८ आहे. तिनं ताळाही केला: २५ × ४२ = १०५०, त्यात ६८ मिळवून १११८, आणि २६ × ४३ सुद्धा १११८. सगळं चोख. उत्तरसूचीत मात्र ६७.

दुसरा फोटो मागवला तेव्हा घडीतले दोन शब्द बाहेर आले: "प्रशिक्षक धरून". गटात प्रशिक्षक धरून २५ जण. म्हणजे खेळाडू २४. मग ४२ अधिक २५ गुणिले १, उत्तर ६७. ताळा: २४ × ४२ = १००८, अधिक ६७ म्हणजे १०७५, आणि २५ × ४३ = १०७५.

यात दोन गोष्टी नीट बघण्यासारख्या आहेत.

पहिली, ताळा केला तरी चूक सापडली नाही, आणि सापडणारही नव्हती. ताळा तुमचा गुणाकार तपासतो, तुमचं वाचन तपासत नाही. तुम्ही २५ खेळाडू मानले की ताळाही २५ खेळाडूंचाच होणार. मुलं ताळा जुळला की पुस्तकाला नावं ठेवतात, ते यामुळेच.

दुसरी, पर्यायांनीही मदत केली नाही. हे योगायोगानं होत नाही. पर्याय लिहिणारा माणूस मुलं कुठं घसरतात ते ओळखून आकडे टाकतो. इथं २४ खेळाडू धरून जुन्याशी जुनी जोडली तर ४२ अधिक २४, म्हणजे ६६. नव्याशी नवी जोडली तर ४३ अधिक २५, म्हणजे ६८. २५ खेळाडू धरले आणि शिवाय नव्याशी नवी जोडली तर ४३ अधिक २६, म्हणजे ६९. चारही पर्यायांना कुठून तरी वाट आहे. आकडा चुकीचा वाचला तर पर्याय बहुधा ओरडून सांगतात. २५ च्या जागी ३५ वाचलं तर उत्तर ७७-७८ च्या घरात जातं आणि यादीत सापडत नाही. शब्द गळाला तर पर्याय गप्प राहतात, कारण ते चुकीचं उत्तर तिथं आधीपासून मांडून ठेवलेलं असतं.

याच प्रश्नात अजून एक गंमत आहे, आणि ती मला जास्त काळजीची वाटते. समजा एखाद्यानं "प्रशिक्षक धरून" वाचलंच नाही, २५ खेळाडू धरले, आणि रीतही चुकवली: जुन्या सरासरीत जुनी संख्या मिळवली. ४२ अधिक २५, उत्तर ६७! उत्तरसूचीशी जुळलं. दोन चुकांनी एकमेकींना खाऊन टाकलं. हा मुलगा कधीच तक्रार करणार नाही. तो वहीत "सरासरी + संख्या × फरक" असं सूत्र लिहून ठेवील आणि पुढच्या दहा गणितांत आपटेल. म्हणून फोटोवरून सोडवलेल्या गणिताचं उत्तर जुळलं तरी, आपण धरलेली "आधीची संख्या" आणि "नंतरची संख्या" शेजारी लिहिलेली असावी. इथं ती २४ आणि २५ अशी असायला हवी. त्या मुलाच्या वहीत २५ आणि २६ दिसले असते आणि तिथंच पकडला गेला असता.

शब्द गळालाय हे फोटोतूनच कसं कळेल?

पहिली खूण नामांत असते. वरच्या प्रश्नात पहिल्या वाक्यात "जण" आहे आणि दुसऱ्यात "खेळाडू". प्रश्न लिहिणारा उगाच शब्द बदलत नाही. मोजलेले जर "जण" असतील आणि सरासरी "खेळाडूंची" असेल, तर हे दोन गट वेगळे असण्याची दाट शक्यता आहे, आणि त्यांना वेगळं करणारा शब्द कुठंतरी असणार. तसंच "कुटुंबात ५ माणसं" आणि पुढे "मुलांच्या वयाची सरासरी", किंवा "संघात ११ खेळाडू" आणि पुढे "कर्णधार वगळता उरलेल्यांची". नाम बदललं की थांबायचं.

दुसरी खूण ओळीच्या लांबीत. छापील पुस्तकात मजकुराची उजवी कड बहुधा सरळ असते. फोटोत एखादी ओळ घडीकडे जाताना वाकली असेल आणि तिचा शेवटचा शब्द अर्धा दिसत असेल, तर खालच्या-वरच्या ओळींशी तुलना करून बघा, किती जागा शिल्लक राहते. "सह" एवढाच शब्द असेल तर बोटभर जागाही पुरते.

तिसरी खूण प्रश्नाच्या वर. पुष्कळदा "वरील उदाहरणात प्रशिक्षकाऐवजी…" किंवा "प्रश्न ७ व ८ साठी सूचना" असं असतं आणि पाठवणाऱ्यानं फक्त आठवा प्रश्न कापून पाठवलेला असतो. प्रश्नात एखादी संख्या कमी वाटली, की समजायचं ती वरच्या प्रश्नात राहिली.

खात्री होईना, तर फोटो पुन्हा मागवण्याआधी एक सोपं काम करता येतं. पुस्तक ज्याच्याकडे आहे त्याला म्हणायचं, "भाऊ, प्रश्न मोठ्यानं वाचून व्हॉइस मेसेज कर." वाचताना माणूस "धरून" आणि "वगळून" गाळत नाही. टाइप करायला सांगितलं तर मात्र हटकून गाळतो, कारण त्याला ते शब्द बिनमहत्त्वाचे वाटतात.

आकडाच चुकीचा वाचला असेल तर

देवनागरी अंकांत पुसट छपाई असली की १ आणि ९, २ आणि ३, ४ आणि ५ एकमेकांसारखे दिसू लागतात. त्यात पेन्सिलची खूण १ च्या शेजारी पडली की त्याचा ९ व्हायला वेळ लागत नाही. आणि सगळ्यात वाईट म्हणजे दशांशचिन्ह. व्हॉट्सॲपवरून फोटो जाताना दाबला जातो, आणि त्या दाबण्यात पहिला बळी दशांशचिन्हाचा जातो.

इथं मात्र उत्तरसूची हातात असेल तर चूक नेमकी कुठल्या आकड्यात आहे ते शोधता येतं. एक प्रश्न घेऊ: १९ मुलांच्या वयाची सरासरी १३ वर्षे आहे; शिक्षकाचे वय मिळवल्यास सरासरी १.५ वर्षाने वाढते. शिक्षकाचे वय किती? नंतरची संख्या २०, म्हणून १३ अधिक २० × १.५, उत्तर ४३.

आता समजा तुमचं उत्तर ४२ आलं. फरक फक्त एकचा. सरासरी वाचण्यात चूक झाली की उत्तर तेवढ्यानंच हलतं. १३ चे १२ वाचले, उत्तर एकनं कमी. फरक लहान असेल तर आधी सरासरीचा आकडा बघा.

समजा उत्तर ३१ आलं. ४३ पेक्षा १२ नं कमी, आणि १२ ही १.५ ची आठपट आहे. म्हणजे मुलांची संख्या आठनं कमी धरली गेली: १९ चे ११ वाचले. संख्येतली प्रत्येक एकची चूक उत्तराला सरासरीतल्या वाढीइतकं हलवते, इथं दीड वर्षानं.

समजा उत्तर ३३ आलं. फरक १०, आणि १० म्हणजे २० चा अर्धा. नंतरच्या संख्येच्या पटीत किंवा तिच्या सोप्या अपूर्णांकात फरक आला की वाढीचाच आकडा चुकलाय: १.५ मधला .५ दिसलाच नाही, तुम्ही १ धरला. ३३ वर्षांचा शिक्षक सहज असू शकतो, म्हणून नुसतं उत्तर पाहून संशय येत नाही.

आणि उत्तर ३१३ आलं तर काही सांगायलाच नको, ठिपका गेला आणि १.५ चे १५ झाले. पण इथं एक सावधगिरी. "१५ ने वाढते" असं दिसलं की सगळे ठिपका शोधतात. मूळ वाक्य "सरासरी १५ होते" असंही असू शकतं. तसं असेल तर वाढ २ ची, आणि उत्तर १३ अधिक २० × २, म्हणजे ५३. दोन्ही उत्तरं माणसाच्या वयात बसतात. पर्याय ४१, ४३, ४५, ४७ असतील तर ठिपकाच गेला असं म्हणायला हरकत नाही, पण पर्यायावरून केलेली ही दुरुस्ती तात्पुरतीच समजा. पान बघेपर्यंत वहीत प्रश्नासमोर फुली मारून ठेवा.

वाढ बरोबर १ असेल तर मात्र ही युक्ती अर्धवट चालते. कबड्डीच्या गणितात ४२ चे ४३ वाचले काय किंवा २४ चे २५ धरले काय, उत्तर एकनंच हलतं. तिथं दोन्ही आकडे फोटोत मोठे करून बघावेच लागतात.

फोटो काढणाऱ्यासाठी थोडं

पुस्तक टेबलावर ठेवा, खाटेवर नको. शिवणीजवळ तळहातानं पान दाबून सपाट करा आणि मोबाइल पानाच्या बरोबर वर धरा. गुळगुळीत कागदावर फ्लॅश मारला की मधोमध पांढरा डाग पडतो आणि नेमका तिथंच आकडा असतो. दारात किंवा खिडकीशी बसून उजेडात काढलेला बरा. एकाच प्रश्नाचा तुकडा न कापता वरचा प्रश्न आणि खालचे पर्याय येऊ द्या. आणि पाठवताना व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून न पाठवता 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, मग तो दाबला जात नाही. दुसऱ्याच्या मोबाइलच्या स्क्रीनचा फोटो काढून पाठवायची सवय तर सोडाच. त्यावर येणाऱ्या रेघांत ठिपका शोधणं म्हणजे डोळ्यांना शिक्षा.

कुणी गेलं तर

येण्याची गणितं जमली की जाण्याची जमतात असं वाटतं, पण इथं दिशा उलटी होते आणि मुलं अधिकच्या जागी उणे करून बसतात.

कापूस वेचणाऱ्या १० बायांची दिवसाची सरासरी वेचणी ३२ किलो. एक बाई गावी गेली, तिला सोडून उरलेल्यांची सरासरी १ किलोनं कमी झाली. तिची वेचणी किती? जुनी सरासरी ३२, नवी संख्या ९. ती गेल्यावर प्रत्येकीच्या वाट्यातून एक किलो गेला, म्हणजे ती आपल्या ३२ शिवाय नऊ जणींना एकेक किलो पुरवत होती. ३२ अधिक ९, म्हणजे ४१. दुसऱ्या बाजूनं नवी सरासरी ३१ आणि जुनी संख्या १०: ३१ अधिक १०, पुन्हा ४१. बेरजेनं ३२० वजा २७९, तेही ४१.

कमी झाली म्हणून वजाबाकी करायची, ही इथली नेहमीची चूक. ३२ वजा ९ करून २३ लिहितात. उलटा विचार करा: कुणी गेल्यावर सरासरी खाली आली, तर गेलेली बाई सरासरीपेक्षा वरच होती. २३ हे उत्तर कधी बरोबर असतं? "सरासरी १ किलोनं वाढली" असं छापलं असेल तेव्हा. म्हणून तुमचं ४१ आणि सूचीतलं २३ असा मेळ बसत नसेल, तर रीत तपासण्याआधी फोटोत "कमी झाली" आहे की "वाढली" ते बघा. अशा वेळी तुमच्या आणि सूचीतल्या उत्तरांचा मध्य जुन्या सरासरीवर येतो, इथं ४१ आणि २३ यांचा मध्य ३२. असा मध्य आला की दिशाच उलटी वाचली गेली, हे पक्कं.

एक जातो आणि त्याच्या जागी एक येतो, तेव्हा संख्या बदलतच नाही, त्यामुळे तिरप्या जोडीची भानगड नाही. १२ जणांच्या गटात ४८ किलोच्या मुलाऐवजी दुसरा आला आणि सरासरी ०.५ किलोनं वाढली, तर नवा मुलगा १२ × ०.५, म्हणजे ६ किलोनं जड, ५४ किलोचा. या प्रकारात फोटोत "ऐवजी" किंवा "जागी" गळालं तर प्रश्न अपुरा वाटू लागतो: ४८ चा आकडा कशासाठी दिलाय तेच कळत नाही, आणि सरासरी किती होती तेही दिलेलं नसतं. सरासरी दिली नाही पण एका माणसाचं वजन दिलंय, असं दिसलं की "ऐवजी" शोधा.

वयाच्या गणितात काळ सरकतो

शेवटी असा प्रकार, ज्यात शब्द गळाला की उत्तर पार बदलतं. "४ वर्षांपूर्वी एका कुटुंबातील ४ जणांच्या वयाची सरासरी २४ वर्षे होती. आज कुटुंबात एक नवा सदस्य असून ५ जणांच्या वयाची सरासरी २३ वर्षे आहे. नव्या सदस्याचे वय किती?"

चार वर्षांत चौघंही चार-चार वर्षांनी मोठे झाले, म्हणून आज त्या चौघांची सरासरी २८. ती ५ जणांवर २३ झाली, म्हणजे ५ नं उतरली. जुनी सरासरी २८, नवी संख्या ५: २८ वजा ५ × ५, म्हणजे ३. चार वर्षांत जन्मलेलं तीन वर्षांचं पोर, बसतं.

आता ओळीच्या सुरुवातीचं "४ वर्षांपूर्वी" फोटोच्या डाव्या कडेला कापलं गेलं असं समजा. मग २४ वरून २३, फरक १, आणि २४ वजा ५, उत्तर १९. घरात १९ वर्षांची सूनही येऊ शकते, त्यामुळे उत्तर पाहून कुणाला काही खटकत नाही. पण वाक्यातली क्रियापदं बघा: पहिल्यात "होती", दुसऱ्यात "आज … आहे". एकाच प्रश्नात "होती" आणि "आज" एकत्र आले की मधली वर्षं कुठंतरी दिलेली असणारच. ती दिसत नसतील तर फोटो कापलाय. प्रश्नात "नवा सदस्य" ऐवजी "बाळ" असेल तर १९ वर्षांचं बाळ पाहून चूक लगेच हाती लागते, आणि बाळाचं वय मधल्या वर्षांपेक्षा जास्त येता कामा नये ही आणखी एक तपासणी फुकट मिळते.

एवढं करूनही, म्हणजे फोटो स्वच्छ, शब्द सगळे जागेवर, आधीची आणि नंतरची संख्या वहीत लिहिलेली, आणि तरीही सूचीशी मेळ बसत नसेल, तर छपाईची चूक असू शकते. तेव्हा सूचीतलं उत्तर घेऊन उलटं चाला. ते उत्तर खरं मानून बेरीज करा आणि नंतरच्या संख्येनं भागा. सरासरी पूर्ण किंवा निदान प्रश्नात दिलेल्या अपूर्णांकासारखी आली, तर प्रश्नातला एखादा आकडा छापताना बदललाय, आणि तो कुठला हे वर सांगितलेल्या फरकाच्या हिशेबानं बहुतेक वेळा सापडतं. भागाकार वाकडातिकडा आला, १४.३७ वगैरे, तर सूचीच चुकीची छापली असावी. बऱ्याचदा तिथं शेजारच्या प्रश्नाचं उत्तर सरकून आलेलं असतं, म्हणून त्याच्या मागचा आणि पुढचा क्रमांकही ताडून बघा.